किंवा आत राहिला

आमच्या कचेरीत त्यांना सगळे वेलांटीताई म्हणायचे. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे वेलांटीताई. पुरवणीचं प्रत्येक पान छापायला जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जायचं आणि परत येताना त्यावर लाल शाईच्या खुणा असायच्या. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, सुटलेला काना. मी पानं लावायचो, म्हणजे कुठला मजकूर कुठं बसेल, चौकट किती रुंद, चित्र कुठं, हे माझं काम. त्यामुळे त्यांच्या लाल शाईशी माझी रोज गाठ पडायची. वीस वर्षं आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती.

लिखाणात ‘वा’ आला की त्या हमखास खोडायच्या. ‘सोमवारी वा मंगळवारी’ असं कुणी लिहिलं की ‘वा’वर रेघ आणि वर ‘किंवा’. आमच्या वर्तमानपत्राचा तसा नियमच होता: वाचकाला सोपं वाटावं म्हणून ‘वा’ वापरायचा नाही. नियम पंधरा माणसांना माहीत होता, पाळायच्या त्या एकट्या. दिवसाला निदान चार तरी ‘वा’ त्यांच्या हातून जायचे.

रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर गूढ शब्दकोडं असायचं. साधं नव्हे. साध्या कोड्यात ‘नदीचा काठ’ म्हटलं की ‘तीर’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. गूढ कोड्याचं सूत्र दोन तोंडांचं असतं. एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ लपवलेला, आणि उरलेल्या भागात तो शब्द कसा घडवायचा याची कृती. वाचताना मात्र ते एक गोड, साधंसुधं वाक्य वाटलं पाहिजे.

ही कोडी एक निवृत्त गृहस्थ रचायचे. एका दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं छोट्या खिडकीमागे बसून औषधं तयार करून दिली होती. कोड्याखाली नावाच्या जागी ‘कंपाउंडर’ एवढंच छापायचं, असं त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं. दर आठवड्याला त्यांचं पाकीट यायचं. आत चौकटीच्या कागदावर आखलेलं कोडं आणि आणखी एक छोटं, चिकटवलेलं पाकीट. त्यात उत्तरं. ताईंचा नेम असा, की आधी कोडं स्वतः सोडवायचं आणि मगच छोटं पाकीट फोडायचं.

सुरुवातीला त्यांना ते काही जमेना. अक्षरं विस्कटायची सूत्रं तर त्यांच्या डोक्यातच शिरायची नाहीत. एकदा एका सूत्रावर त्या सकाळपासून अडल्या होत्या. सूत्र होतं: ‘भास विस्कटला, पुढे घर, लोक जमतात तिथं’, आणि कंसात चारचा आकडा, म्हणजे उत्तर चार अक्षरी. ताईंनी भा, स, घ, र ही चार अक्षरं घेतली. चार घरं, चार अक्षरं, हिशोब बरोबर. मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर त्यांच्या सगळ्या मांडण्या लिहून काढल्या. चोवीस होतात. चोवीसपैकी एकीलाही काही अर्थ नव्हता.

योगायोगानं त्याच दुपारी कंपाउंडर स्वतः पाकीट द्यायला आले. बुटके, स्वच्छ, खिशाला दोन पेनं. ताईंनी तो कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, की काका, तुमचं काहीतरी चुकलंय. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

“ताई, दवाखान्यात मी बाटलीवर चिठ्ठी लावायचो, घेण्याआधी हलवा म्हणून. पण ज्या बाटलीवर चिठ्ठी, तीच हलवायची. म्हणून काय सगळं कपाट हलवायचं?” मग त्यांनी ‘विस्कटला’ या शब्दावर बोट ठेवलं. “हा शब्द कुणाच्या अंगावर आहे? भासाच्या. घराला त्यानं हात लावलेला नाही. भास विस्कटा, सभा मिळेल. घर विस्कटायचं नाही, त्याला दुसरं नाव शोधायचं.”

“गृह,” ताई म्हणाल्या. सभागृह.

त्या दिवसापासून ताई त्या कोड्यांत बुडाल्या. काही अक्षरं विस्कटलेली आणि काही जशीच्या तशी दुसरीकडून आणलेली, अशी अर्धवट विस्कटीची सूत्रं ओळखणं हा त्यांचा हातखंडा झाला. मलाही शिकवायच्या. म्हणायच्या, आधी मोडतोडीचा शब्द शोधायचा: विस्कटला, मोडला, उधळला, असा काहीतरी. मग तो नक्की कुणाची मोडतोड करतोय ते बघायचं. त्याच्या वाट्याची अक्षरं मोजायची. घरांपेक्षा कमी पडली तर उरलेली दुसऱ्या कुठल्या तरी शब्दातून येणार. आणि तो दुसरा शब्द बहुतेक वेळा अगदी गरीब चेहऱ्याचा असतो, ज्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. एकदा कंपाउंडरांनी दिलं होतं, ‘माज मोडला आणि गर्दी झाली’, तीन अक्षरं. माजाची अक्षरं दोनच. मी डोकं खाजवत बसलो. ताई दोन मिनिटांत म्हणाल्या, अहो, आणि म्हणजे व. माज मोडून जमा, पुढे व. जमाव. त्या सूत्रावर त्या इतक्या खूश झाल्या की कंपाउंडरांना त्यांनी खास पत्र लिहिलं. घरी गेल्यावर यजमानांनाही सांगितलं. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांना कोड्यांचं सोयरसुतक नव्हतं. पण बायको खुशीत आहे म्हणून तेही हसले.

अशी अकरा वर्षं गेली. कंपाउंडर वर्षातून दोनदा यायचे, एरवी पाकीट. त्या दोघांत गप्पा अशा कधी झाल्याच नाहीत. चहा घ्यायचे, एखाद्या सूत्रावर बोलायचे, उठायचे. पण रविवारची पुरवणी हातात आली की ताई आधी शेवटचं पान उलगडायच्या, जणू स्वतः वाचलेलं नाहीच.

अकराव्या वर्षी कंपाउंडरांकडून दोन चुका झाल्या. एका सूत्रापुढे चारच्या ऐवजी पाचचा आकडा पडला, आणि दुसऱ्यात एक दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला. ताईंनी दोन्ही गुपचूप दुरुस्त केल्या. कंपाउंडरांना कळवलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला टोचायचं, असं त्यांना वाटलं. पण त्याच सुमारास पुरवणीला नवे संपादक आले होते आणि जेवणाच्या सुट्टीत ताई सहज बोलून गेल्या, की कंपाउंडर आता थकलेत हो. सहजच. संपादकांनी ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं. त्यांना ते पान तसंही हवं होतं. आकड्यांचं कोडं तयार मिळतं, त्याला ना रचणारा लागतो ना तपासणारा.

दोन महिन्यांनी ते कोडं आलं. आडवा शब्द क्रमांक चौदा. सूत्र असं: ‘कासरा तुटला, किंवा आत राहिला, बंदिस्त जगणं’, चार अक्षरं.

त्या आठवड्यात ताईंच्या यजमानांना मूतखड्यासाठी दवाखान्यात ठेवलं होतं. ताई सकाळी तिकडून परस्पर कचेरीत यायच्या. कोडं सोडवलं, पण घाईत. चौदा क्रमांकाला उभ्या शब्दांमुळे तीन अक्षरं आयतीच आली होती, आणि ‘बंदिस्त जगणं’ समोर होतं. त्यांनी ‘कारावास’ लिहिलं. छोटं पाकीट फोडलं, उत्तर तेच होतं. मग सूत्राची कृती नीट जुळते का, हे बघायचं त्यांच्याकडून राहिलं. एरवी त्या प्रत्येक सूत्र मागं जाऊन तपासायच्या. हे राहिलं.

कोडं छापून आलं आणि बुधवारपर्यंत अकरा पत्रं आली. सूर एकच: चौदाव्या सूत्राची अक्षरं जुळत नाहीत. ‘कासरा’ आणि ‘किंवा’ मिळून पाच अक्षरं होतात, घरं चार आहेत. कारावास हेच उत्तर असेल तर ‘किं’चं काय करायचं, असं एकानं खवचटपणे विचारलं होतं.

संपादक पत्रांचा गठ्ठा घेऊन ताईंच्या टेबलाशी आले. म्हणाले, पान सुटायला वीस मिनिटं आहेत, बरोबर की चूक एवढंच सांगा.

मी शेजारीच होतो. ताईंनी पेन्सिल घेतली. का, स, रा, किं, वा, अशी पाच अक्षरं ओळीनं लिहिली. मग उत्तरातली अक्षरं त्यातून एकेक खोडत गेल्या. का गेला, रा गेला, वा गेला, स गेला. किं राहिला. त्यांनी पेन्सिलीचं टोक थोडा वेळ त्या किंवर टेकवून ठेवलं.

“चूक आहे,” त्या म्हणाल्या.

संपादकांनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला आणि मी चौकट आखली: ‘गेल्या रविवारच्या कोड्यातील आडवा शब्द क्रमांक चौदा याचे सूत्र सदोष होते. अक्षरे जुळत नाहीत. कोडेकाराच्या हातून झालेल्या या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ मुद्रित ताईंनीच वाचलं. ‘दिलगिर’ पडलं होतं, त्याला दीर्घ वेलांटी दिली. कंपाउंडरांना आधी एक फोन करावा, असं ना त्यांना सुचलं, ना मला.

पुढच्या आठवड्यात पाकीट आलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. ‘चूक मान्य आहे. यापुढे कोडी पाठवणार नाही. आजवर सांभाळून घेतलंत, आभारी आहे.’ तळाशी कंपाउंडर. अक्षर नेहमीसारखंच, चिठ्ठी लावल्यासारखं.

ताईंना राग आला. एवढ्याशा चुकीवरून रुसायचं म्हणजे काय, असं त्या दोन-तीन दिवस म्हणत राहिल्या. कंपाउंडरांच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, नंबर ताईंच्या वहीत होता. त्यांनी तो फिरवला नाही. आधी त्यांनी समजूतदारपणा दाखवावा, मग बघू, असं काहीसं मनात होतं. मग महिना गेला, आणि इतक्या दिवसांनी फोन करायचा तर काय बोलायचं, हा प्रश्न आला. तोवर शेवटच्या पानावर आकड्यांचं कोडं सुरू झालं होतं. वाचकांची त्यावर एकही तक्रार आली नाही.

तीन वर्षांनी ताई निवृत्त झाल्या. घरी बसवेना, म्हणून त्यांच्या भागातल्या वाचनालयात रविवारी सकाळी त्यांनी गूढ कोड्यांचा एक गट सुरू केला. लांब टेबल, आठ-दहा खुर्च्या, भिंतीला फळा. येणारे बहुतेक निवृत्त. मीही जायचो. ताई जुन्या पुरवण्यांतली कोडी आणायच्या, कंपाउंडरांचीच. त्यांच्याबद्दल बोलताना आवाजात अढी नव्हती. मोठा माणूस होता, शेवटी शेवटी चुका व्हायला लागल्या, असं सांगायच्या.

गट सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. एका रविवारी विषय होता विस्कटीच्या सूत्रांचा. ताईंनी सभागृह समजावून सांगितलं, जमाव सांगितला. मग म्हणाल्या, आता एक चुकलेलं सूत्र बघू, म्हणजे अक्षरं मोजणं का महत्त्वाचं ते कळेल. आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, कासरा तुटला, किंवा आत राहिला. खाली पाच अक्षरं मांडली, चार खोडली, किंभोवती गोल काढला.

टेबलाच्या टोकाला एक बाई बसायच्या. कोर्टात टंकलेखक होत्या, चौतीस वर्षं अर्ज आणि निकाल टाइप केलेले. फारशा बोलायच्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पुन्हा फळ्याकडे पाहिलं आणि चाचरत म्हणाल्या, “ताई, किंवा म्हणजे वा ना? आमच्याकडे प्रत्येक अर्जात असायचं, अर्जदार वा त्याचा वारस, असं.”

ताई म्हणाल्या, हो, पण इथं—

आणि थांबल्या.

त्या बाईंना वाटलं आपलंच चुकलं. त्या हळू आवाजात खुलासा करायला लागल्या, की तुटला तो फक्त कासरा, म्हणून का, रा, स. किंवाची अक्षरं नाही घ्यायची, त्याचा अर्थ घ्यायचा. वा. आणि तो आत राहिला असं सूत्रातच लिहिलंय, म्हणून स च्या आधी आत घातला. कारावास. मग उरतच नाही काही.

खोलीत दोघे-तिघे वा वा म्हणाले. ताई खडू हातात धरून फळ्याकडे बघत होत्या. किंभोवतीचा गोल तसाच होता. त्यांनी तो पुसला नाही, सूत्रही पुसलं नाही. मला म्हणाल्या, आज तुम्ही पुढं घ्या. आणि पिशवी उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. त्या गॅलरीत बसल्या होत्या. म्हणाल्या, आणि म्हणजे व, हे मला दोन मिनिटांत दिसलं होतं. कारण ‘आणि’मध्ये व कुठंच दिसत नाही, म्हणून मन अर्थाकडे गेलं. इथं ‘किंवा’मध्ये वा डोळ्यांना दिसतोय. तो मिळाला म्हणून मी तिथंच थांबले आणि किं कुठं गेला म्हणून शोधत बसले. आणि वीस वर्षं मी काय केलं? दिवसाला चार ‘वा’ खोडले आणि त्यांच्या डोक्यावर ‘किंवा’ लिहिलं. माझ्याइतकं हे कुणाला ठाऊक होतं? मला दिसायला हवं होतं.

मी म्हटलं, वीस मिनिटं होती, संपादक डोक्यावर उभे होते. त्या म्हणाल्या, वीस नव्हे, मी तीनच मिनिटं घेतली. सतरा शिल्लक होती.

तीन दिवस त्यांनी यजमानांना काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सांगितलं. ते भिंग डोळ्याला लावून कुणाचं तरी घड्याळ उघडत होते. मान वर न करता म्हणाले, “जाऊन ये. पत्र पाठवू नकोस, स्वतः जा.”

ताईंनी मलाही बरोबर घेतलं. चौकट शेवटी मीच आखली होती.

कंपाउंडर जुन्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, मुलीकडे राहत होते. मुलगी शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं दार उघडलं, ताईंचं नाव ऐकलं आणि क्षणभर दारातच उभी राहिली. मग आत या म्हणाली. कंपाउंडर खिडकीजवळ बसले होते. ब्याऐंशीचे, कान थोडे जड, बाकी धडधाकट. ताईंना त्यांनी लगेच ओळखलं. टेबलावर चौकटीच्या कागदांची वही होती. त्यात मुलीनं शाळेसाठी रांगोळीसारखे नमुने रंगवलेले होते.

ताईंनी प्रस्तावना केली नाही. त्या म्हणाल्या, “काका, चौदावं सूत्र बरोबर होतं. चूक माझी होती.”

त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. मग ताईंनी त्याच वहीच्या एका कोऱ्या पानावर सूत्र लिहिलं. ‘कासरा’ खाली रेघ मारली, ‘किंवा’वर बोट ठेवलं आणि शेजारी ‘वा’ लिहिला. पंधरा वर्षांपूर्वी तेच असे बसले होते, बोट सूत्रावर ठेवून. कंपाउंडरांनी ती अक्षरं बोटानं एकेक लावून पाहिली.

“म्हणजे मीच केलं होतं हे,” ते म्हणाले. “आणि मलाच सुटलं नाही.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आम्हाला वाटलं होतं ते रुसले. ते रुसले नव्हते. चौकट वाचून त्यांनी कोडं पुढं ओढलं होतं, आपली बाजू बघायला. पण ते कोडं त्यांनी चार महिने आधी रचलं होतं आणि कच्चं काम ते ठेवत नसत. चौकटीत लिहिलं होतं अक्षरे जुळत नाहीत, म्हणून ते अक्षरं मोजायला बसले. त्यांचाही किं उरला. ते दिवसभर मोजत राहिले. संध्याकाळी मुलीला म्हणाले, की ताई तपासतात म्हणजे चूक असणारच, पण आपण काय केलं होतं तेच आपल्याला आठवत नाही, हे त्याहून वाईट. मापं चुकायला लागली की कंपाउंडरनं खिडकी बंद करावी.

मुलगी इतका वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, “त्यानंतर ते एकटे बाहेर जाईनात. वाटेत रस्ता विसरेन म्हणायचे. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही नाही म्हणाले, तरी विश्वास बसेना. शेजारच्या मुलींना गणित शिकवायचे, ते बंद केलं. चार वर्षं, ताई.”

आवाज चढलेला नव्हता. ताईंनी मान खाली घातली.

कंपाउंडरांनी विचारलं, की पण मला का दिसलं नाही. तेवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं.

“मी सांगितलं म्हणून,” ताई म्हणाल्या. “मी बघितलंच नाही काका, नुसतं मोजलं. आणि मग तुम्हालाही मोजायला लावलं.”

ते म्हणाले, चूक चौकटीत छापली होती, हेही छापून आणा.

ताई दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेल्या. संपादक पुन्हा बदलले होते. नव्या तरुण संपादिकेला कंपाउंडर कोण हेच ठाऊक नव्हतं. कोड्याचं पानही राहिलं नव्हतं. तिनं सौजन्यानं पत्रव्यवहारात सहा ओळी दिल्या. चार वर्षांपूर्वीच्या कोड्यातलं सूत्र निर्दोष होतं, कोडेकाराची माफी मागते, चूक तपासनीस म्हणून माझी होती, असं ताईंनी लिहिलं होतं. जागा कमी पडली म्हणून शेवटची ओळ, जिच्यात सूत्र कसं सुटतं ते होतं, ती कापली गेली. कुणाचंही पत्र आलं नाही. ताईंनी कात्रण नेऊन दिलं. कंपाउंडरांनी ते वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं.

नंतर ताई दर गुरुवारी त्यांच्याकडे जायला लागल्या. दोघं मिळून पुन्हा एक कोडं रचू, असं त्यांनी सुचवलं. छोटंसं, वाचनालयातल्या गटासाठी. कंपाउंडर तयार झाले. चौकट त्यांनीच आखली, रेघ अजून सरळ होती. महिनाभरात आठ सूत्रं झाली. मी ती पाहिली आहेत. बरोबर आहेत सगळी, एका अक्षराचा फरक नाही. पण त्यांत पूर्वीचा खट्याळपणा नव्हता. कुठलंही सूत्र विस्कटलेलं नव्हतं, सगळी सरळ. आठव्या सूत्रानंतर कंपाउंडर म्हणाले, “ताई, राहू दे आता. प्रत्येक सूत्र मी दहा वेळा मोजतो. दहा वेळा मोजावं लागलं की रचायला मौज येत नाही.”

ताईंनी आग्रह केला नाही. गुरुवारचं जाणं मात्र चालू ठेवलं. कधी जुनी कोडी वाचायच्या, कधी नुसत्या बसायच्या. कंपाउंडर त्यांच्याबरोबर जिना उतरून कोपऱ्यापर्यंत यायला लागले. एकटे मात्र ते शेवटपर्यंत कधी बाहेर पडले नाहीत. पुढच्या वर्षी थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले.

त्यानंतर एकदा मी ताईंना समजावायला गेलो होतो. म्हटलं, वय झालं होतं, आज ना उद्या त्यांनी कोडी थांबवलीच असती. त्या म्हणाल्या, थांबवली असती. पण चार वर्षं तरी रचली असती. वर्षाला बावन्न, म्हणजे दोनशे आठ.

मी म्हटलं, असं मोजू नका.

त्या म्हणाल्या, मोजत नाही. त्यांत काय काय आलं असतं, ते बघते आहे.